वाक्याची सुरुवात ‘स्मोकिंग’ने करायची की ‘टु स्मोक’ने?

सिगरेट ओढणं वाईट आहे. एवढं साधं वाक्य इंग्रजीत करायला सांगितलं की नवीन शिकणाऱ्यांकडून साधारण तीन उत्तरं येतात. ‘स्मोक इज बॅड’, ‘टु स्मोक इज बॅड’ आणि ‘स्मोकिंग इज बॅड’. पहिल्याचा अर्थच बदलतो, कारण तिथे स्मोक म्हणजे धूर, म्हणजे तुम्ही ‘धूर वाईट आहे’ असं म्हणून बसलात. दुसरं वाक्य व्याकरणात चुकीचं नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो कारण खूप जण त्याला सरळ चूक म्हणून मोकळे होतात, पण कोणी रोजच्या बोलण्यात तसं म्हणत नाही, ऐकणाऱ्याला ते भाषणातलं किंवा जुन्या पुस्तकातलं वाटतं. तिसरं एकदम बरोबर आणि एकदम रोजचं.

आता आपल्याकडून टु का सुटत नाही? माझ्या मते याचं कारण शाळेत आहे. आपण क्रियापदं पाठ केली ती अशी, टु गो म्हणजे जाणे, टु ईट म्हणजे खाणे, टु रीड म्हणजे वाचणे. त्यामुळे डोक्यात ‘णे’ आला की हात आपोआप टु लिहितो. पण ती नुसती यादी होती, क्रियापदाची ओळख करून द्यायला केलेली. वाक्यात कर्ता म्हणून बसलेल्या ‘णे’ला, म्हणजे बोलण्यातल्या ‘णं’ला, इंग्रजीत जोडीदार आहे तो आयएनजी. हे एकदा पटलं की पुढचं बरंच सोपं होतं.

पहिली पायरी: मराठी वाक्याचं शेपूट बघा

इंग्रजी वाक्य लिहायच्या आधी तेच मराठीत मनातल्या मनात म्हणा आणि सुरुवातीच्या क्रियापदाचं शेवटचं अक्षर पकडा. ‘पोहणं चांगलं असतं’, इथे णं आहे, तर ‘स्विमिंग इज गुड’. ‘इंग्रजी शिकणं अवघड नाही’, परत णं, तर ‘लर्निंग इंग्लिश इज नॉट डिफिकल्ट’. पण ‘इंग्रजी शिकण्यासाठी मी रोज वाचतो’ किंवा ‘इंग्रजी शिकायला मी रोज वाचतो’ असं असेल तर तिथे टु पाहिजे, ‘टु लर्न इंग्लिश, आय रीड एव्हरी डे’. या वाक्यात शिकणं हा कर्ता नाहीच, कर्ता ‘मी’ आहे, शिकणं हा फक्त हेतू आहे आणि म्हणून तिथे स्वल्पविराम पडतो.

आणि इथेच टु ने सुरुवात करण्यातली खरी अडचण दिसते. इंग्रजी वाचणाऱ्याला वाक्याच्या तोंडाशी टु दिसला की त्याचं मन आधी ‘साठी’ असंच वाचतं. ‘टु लर्न इंग्लिश’ एवढं वाचून तो पुढे ‘आय’ किंवा ‘यू’ येईल म्हणून थांबलेला असतो, म्हणजे इंग्रजी शिकण्यासाठी कोण काय करतंय ते बघू, आणि तुम्ही देता ‘इज डिफिकल्ट’. मग त्याला मागे जाऊन परत जुळवावं लागतं. अर्थ कळतो, पण एक ठेच लागतेच. ‘लर्निंग इंग्लिश’ने सुरुवात केली की बहुतेक वेळा ही ठेच लागत नाही, कारण लर्निंग हे नाम म्हणून सरळ आत येतं.

नाम म्हणतोय ते उगाच नाही. भिंतीवरची ‘नो स्मोकिंग’ची पाटी आठवा. नो च्या पुढे नामच बसतं, नो वॉटर, नो मनी, नो एंट्री. तिथे ‘नो टु स्मोक’ कोणी लिहिणार नाही. म्हणजे स्मोकिंग हे रूप क्रियापदापासून आलेलं असलं तरी वाक्यात नामासारखं वागतं, आणि कर्त्याची खुर्ची मुळात नामाचीच असते. व्याकरणात या नामासारख्या वागणाऱ्या आयएनजी रूपाला जेरंड म्हणतात आणि टु वाल्या रूपाला इन्फिनिटिव्ह. नावं लक्षात राहिली नाहीत तरी काही बिघडत नाही.

दुसरी पायरी: क्रियापद एकवचनीच ठेवा

ही चूक मी सगळ्यात जास्त बघतो. ‘स्मोकिंग सिगरेट्स आर बॅड’. का होते, तर क्रियापदाच्या अगदी शेजारी सिगरेट्स बसलंय, ते अनेकवचन, म्हणून जिभेवर आर येतो. पण वाईट काय आहे, सिगरेटी की ओढणं? ओढणं. म्हणून ‘स्मोकिंग सिगरेट्स इज बॅड’.

यात मराठी तुम्हाला पूर्ण साथ देते. ‘पत्रं लिहिणं अवघड आहे’ असंच म्हणता ना, ‘पत्रं लिहिणं अवघड आहेत’ म्हणत नाही, पत्रं कितीही असू देत. आपलं ‘णं’ नेहमी नपुंसकलिंगी एकवचनी असतं आणि इंग्रजी आयएनजी पण एकवचनीच धरतात. त्यामुळे शंका आली की मराठी वाक्य म्हणून बघा, तुमचा कान चुकणार नाही.

दोन वेगवेगळ्या क्रिया जोडल्या तर मात्र आर येतो, ‘स्विमिंग अँड सायकलिंग आर गुड फॉर द हार्ट’. पण दोन मिळून एकच गोष्ट होत असेल तर परत इज, जसं ‘ड्रिंकिंग अँड ड्रायव्हिंग इज डेंजरस’. तिथे दारू पिणं वेगळं आणि गाडी चालवणं वेगळं असं म्हणायचं नाहीये, पिऊन चालवणं या एकाच गोष्टीबद्दल बोलणं चाललंय.

एक गंमतीची जागा सांगतो. ‘बॉइलिंग वॉटर इज डेंजरस’ याचे दोन अर्थ निघतात, उकळतं पाणी धोकादायक आहे किंवा पाणी उकळवणं धोकादायक आहे, आणि पाणी इंग्रजीत एकवचनी असल्यामुळे इज बघून पण काही उलगडत नाही. टु ने सुरू केलं तर पाणी उकळवणं हा एकच अर्थ राहतो पण वाक्य अवघडतं, त्यापेक्षा चौथ्या पायरीत जी ‘इट’ची रचना आहे ती अशा वेळी कामाला येते, ‘इट इज डेंजरस टु बॉइल वॉटर हिअर’.

तिसरी पायरी: गोष्ट झालेली आहे की अजून व्हायची आहे?

आता टु ला पूर्ण बाद करायचं का? नाही. दोन्हीत एक बारीक फरक आहे आणि तो मला नोकरीत कळला. पहिली नोकरी सोडताना मी सगळ्यांना निरोपाचा मेल लिहिला होता, त्यात एक ओळ होती, ‘टु वर्क विथ यू ऑल वॉज अ ग्रेट एक्सपीरियन्स’. पाठवायच्या आधी एका सीनियर सहकाऱ्यांना दाखवला. त्यांनी फक्त तेवढाच भाग बदलला, ‘वर्किंग विथ यू ऑल वॉज अ ग्रेट एक्सपीरियन्स’. मी विचारलं, सर का? ते म्हणाले, “अरे, तू काम केलंयस ना आमच्याबरोबर? चार वर्षं केलंस. झालेल्या गोष्टीला टु लावलास की ती झालीच नाही असं वाटतं. अर्ज लिहिताना लाव हवं तर.”

ते ‘अर्ज लिहिताना’ माझ्या डोक्यात पक्कं बसलं. कारण अर्जात तुम्ही लिहाल, ‘टु वर्क विथ युवर टीम वुड बी अ ग्रेट एक्सपीरियन्स’, आणि तिथे ते शोभतं. काम अजून केलेलं नाहीये, ती कल्पना आहे, इच्छा आहे, आणि वुड तेच सांगतोय. अर्थात ‘वर्किंग विथ युवर टीम वुड बी’ असं पण चालतंच, आयएनजी दोन्हीकडे चालतो. उलटं मात्र नाही, घडून गेलेल्या अनुभवावर टु ने सुरुवात केली की वाक्य लंगडं वाटतं.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच, ही गोष्ट झालीये का, किंवा नेहमी होत असते का? तसं असेल तर आयएनजी. आणि अजून व्हायचीये, नुसती शक्यता आहे, स्वप्न आहे, ‘असं केलं तर’ असा सूर आहे, तर टु चालू शकतो. ‘टु लीव्ह नाऊ वुड बी अ मिस्टेक’, आत्ता निघालो तर चूक होईल. ‘टु रिफ्यूज वुड बी रूड’, नाही म्हटलं तर उद्धटपणा होईल. यात मराठीत आपण सहज ‘तर’ वापरतो बघा, ती खूण लक्षात ठेवा.

तत्त्व सांगितल्यासारखी, म्हणीसारखी वाक्यं पण टु ने सुरू होतात. ‘टु एर इज ह्यूमन’, चूक होणं हे माणसाचंच लक्षण. पण ती वजनदार भाषा झाली, पत्रात किंवा गप्पांत तसं बोललात तर समोरच्याला भाषण ऐकल्यासारखं वाटेल. आणि असं वाक्य करायचंच असेल तर दोन्ही बाजू जुळवा, ‘सीइंग इज बिलीव्हिंग’ नाहीतर ‘टु सी इज टु बिलीव्ह’. एका बाजूला आयएनजी आणि दुसऱ्या बाजूला टु असं मिसळलं की कानाला खटकतं.

चौथी पायरी: टु ला मागे पाठवा

टु वापरायची इच्छा आहेच, तर त्याची खरी जागा शेवटी आहे आणि पुढे ‘इट’ बसवायचा. ‘टु स्मोक इज बॅड’ नको, ‘इट इज बॅड टु स्मोक’ म्हणा. ‘टु फाइंड अ गुड टीचर इज हार्ड’ नको, ‘इट इज हार्ड टु फाइंड अ गुड टीचर’. हा इट म्हणजे ‘ते’ वगैरे काही नाही, त्याला स्वतःचा अर्थ नाही, तो फक्त कर्त्याची जागा धरून ठेवतो आणि खरा कर्ता मागून येतो. मराठीत अशी रिकामी खुर्ची भरायची पद्धत नसल्यामुळे आपण इट विसरतो आणि ‘इज हार्ड टु फाइंड’ असं अर्धं वाक्य लिहून जातो. तेवढं सांभाळा.

लांबलचक कर्ता असेल तेव्हा तर ही रचना फारच सोयीची. ‘शहरात नवीन आलेल्या माणसाला परवडणारी खोली शोधणं अवघड असतं’ यातला कर्ता केवढा मोठा आहे, तो अख्खा पुढे ठेवला तर वाचणारा क्रियापदाची वाट बघत बसेल, त्यापेक्षा ‘इट इज हार्ड’ एवढं आधी सांगून टाका आणि बाकीचं निवांत मागे येऊ दे.

इट नंतर बहुतेक ठिकाणी टु येतो पण काही ठरलेल्या जागी आयएनजी असतो. ‘इट इज नो यूज क्राइंग’, रडून उपयोग नाही, हे त्यातलं नेहमीचं. आणि एक अगदी रोजच्या वापरातलं म्हणजे ‘नाइस टु मीट यू’ आणि ‘नाइस मीटिंग यू’. मराठीत दोन्हीला आपण ‘भेटून छान वाटलं’ असंच म्हणतो म्हणून इथे मराठी कान मदत करत नाही, हे लक्षात ठेवायलाच लागतं. पहिल्यांदा ओळख होताना, हात मिळवताना ‘टु मीट’, आणि गप्पा मारून झाल्या, निघायची वेळ झाली की ‘मीटिंग’. परत तोच तिसऱ्या पायरीतला फरक आहे, निघताना भेट होऊन गेलेली असते.

पाचवी पायरी: प्रश्न करून बघा

अजून खात्री नसेल तर वाक्याचा प्रश्न करा. ‘इज स्मोकिंग बॅड?’ कसं सहज झालं. ‘इज टु स्मोक बॅड?’ म्हणून बघा, तोंडातच अडकतं. तसंच ‘आय थिंक’च्या मागे लावून बघा, ‘आय थिंक स्मोकिंग इज बॅड’ सरळ जातं, ‘आय थिंक टु स्मोक इज बॅड’ अडखळतं. ‘आय फाइंड’च्या बाबतीत तर टु तसाच ठेवणं थेट चूक आहे, ‘आय फाइंड टु स्विम ईझी’ होत नाही, एकतर ‘आय फाइंड स्विमिंग ईझी’ किंवा इट घालून ‘आय फाइंड इट ईझी टु स्विम’. टु वालं रूप वाक्याच्या अगदी तोंडाशी कसंबसं टिकतं, पण मधे ढकललं की पडतं. आयएनजी कुठेही ठेवा, तो नामासारखा बसतो.

‘माझं’ आणि ‘न’ कुठे लावायचं

क्रिया कोणाची ते सांगायचं असेल तर मराठीसारखंच करा. ‘त्याचं अचानक जाणं सगळ्यांना लागलं’, इथे ‘त्याचं’ म्हणून ‘हिज’, ‘हिज लीव्हिंग सडनली हर्ट एव्हरीवन’. बोलताना बरेच जण ‘हिम लीव्हिंग’ म्हणतात, गप्पांत चालतं, लेखी कामात ‘हिज’ ठेवा. टु बरोबर मात्र ‘फॉर’ लागतो आणि तेही शक्यतो मागेच, ‘इट इज हार्ड फॉर हिम टु लीव्ह’.

नकार करायचा तर ‘नॉट’ आयएनजीच्या पुढे, ‘न झोपणं’मधला न जसा पुढे येतो तसाच. ‘नॉट स्लीपिंग इनफ इज हार्मफुल’. ‘डोन्ट स्लीपिंग’ किंवा ‘स्लीपिंग नॉट’ असं काही करू नका.

एक परिच्छेद दुरुस्त करून बघू

एका नवीन शिकणाऱ्या ताईंनी सवयींवर सहा वाक्यं लिहिली होती, त्यातल्या चुका इतक्या नेहमीच्या आहेत की त्यावरच सगळं करून दाखवतो. मूळ लिहिलेलं असं:

‘टु गेट अप अर्ली इज हार्ड. रन इन द मॉर्निंग गिव्ज मी एनर्जी. ड्रिंकिंग टू ग्लासेस ऑफ वॉटर आर माय फर्स्ट जॉब. नो स्लीपिंग ऑन टाइम मेक्स मी टायर्ड. फॉर रन अ मॅरेथॉन इज माय ड्रीम. टु स्टे हेल्दी, आय वॉक आफ्टर डिनर.’

पहिलं वाक्य. ‘लवकर उठणं अवघड आहे’, णं आहे, रोजची गोष्ट आहे, म्हणून ‘गेटिंग अप अर्ली इज हार्ड’. किंवा टु मागे पाठवून ‘इट इज हार्ड टु गेट अप अर्ली’. दोन्ही सारखीच चांगली, बोलताना मी दुसरं म्हणेन.

दुसऱ्यात क्रियापद नुसतंच आणून बसवलंय. ‘रन’ला काहीतरी रूप द्यायलाच हवं, ‘रनिंग इन द मॉर्निंग गिव्ज मी एनर्जी’. ‘गिव्ज’ त्यांनी बरोबर लिहिलंय, एकवचनी.

तिसऱ्यात ग्लासेसने फसवलं. पहिलं काम काय आहे, दोन ग्लास की पाणी पिणं? पिणं. ‘ड्रिंकिंग टू ग्लासेस ऑफ वॉटर इज माय फर्स्ट जॉब’.

चौथ्यात ‘नो’ आलाय तो बहुतेक पाटीवरून आलाय. पण पाटीवरचा नो म्हणजे मनाई, इथे म्हणायचंय ‘वेळेवर न झोपणं’, म्हणून ‘नॉट स्लीपिंग ऑन टाइम मेक्स मी टायर्ड’. वेळेवर झोपणं यासाठी ‘गोइंग टु बेड’ जास्त नेमकं, तर ‘नॉट गोइंग टु बेड ऑन टाइम मेक्स मी टायर्ड’.

पाचव्यावर मी जरा थांबलो. ‘मॅरेथॉन धावणं हे माझं स्वप्न आहे’, णं आहे, म्हणून ‘रनिंग अ मॅरेथॉन इज माय ड्रीम’ चालेलच. पण हे अजून झालेलं नाही, स्वप्न आहे, म्हणून ‘टु रन अ मॅरेथॉन इज माय ड्रीम’ पण इथे शोभतं. फक्त ‘फॉर रन’ कधीच होत नाही. आणि ड्रीम, प्लॅन, एम असले शब्द असले की सगळ्यात सहज वाक्य त्यांनाच पुढे घेऊन होतं, ‘माय ड्रीम इज टु रन अ मॅरेथॉन’. ताईंना मी हेच ठेवायला सांगितलं.

शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःच शंका येऊन खोडलं होतं आणि वर ‘स्टेइंग हेल्दी’ लिहिलं होतं, कारण तोपर्यंत त्यांना वाटायला लागलं होतं की टु म्हणजे चूकच. मी म्हटलं, ताई, मराठीत म्हणा बरं. त्या म्हणाल्या, “निरोगी राहण्यासाठी मी जेवणानंतर चालते.” आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, “अच्छा, साठी आहे.” खोडलेला टु त्यांनी परत लिहिला.